पांढरा प्लस होतोय पण बाजूचे रंग जुळत नाहीत (३x३ क्यूब, पहिला लेयर)

कडकभाकरी
नमस्कार मंडळी. पोरगी सहावीत आहे, तिच्या नादाने मीपण क्यूब हातात घेतलाय आणि आता ती झोपल्यावर मीच बसतो घेऊन. तर अडचण अशी की पांढऱ्या सेंटरभोवती पांढरा प्लस मला जमतो, त्यात काही नाही, पण प्लसच्या चारही तुकड्यांचा जो बाजूचा रंग असतो तो खालच्या सेंटरशी जुळत नाही. आत्ता हिरवा आणि निळा जुळलाय, लाल आणि नारंगी एकमेकांच्या जागी आहेत. वरचा लेयर अर्धा फिरवला की लाल-नारंगी जुळतात पण मग हिरवा-निळा जातो. तसंच दामटून कोपरे बसवले तर पांढरी बाजू अख्खी पांढरी होते पण कडेची रांग सगळी भेळ. मला पाठ करायला फॉर्म्युला नकोय ओ, कुठला तुकडा कुठं जायचा हे ओळखायचं कसं ते सांगा. सोलापुरात कोणी शिकवणारं असेल तर तेही सांगा, आम्ही जुळे सोलापूरला राहतो.

निवांतकाका
अहो सोपं आहे. F R U R' U' F' हे करा, प्लस होतो. नाही झाला तर परत तेच करा. माझ्या नातवाने शिकवलंय मला, तीनदा केलं की होतोच.

कडकभाकरी
काका केलं. होता तो प्लसपण मोडला 😅

सातरस्ता
काका, तुमचा फॉर्म्युला बरोबर आहे पण तो शेवटच्या लेयरच्या पिवळ्या प्लसचा. खालचे दोन लेयर झाल्यावर वापरायचा. इथं अजून सुरुवातच चाललीय.

कडकभाकरी, तुम्ही फक्त पांढऱ्याकडे बघताय म्हणून अडकताय. सहा सेंटर एकमेकांच्या जागा कधीच बदलत नाहीत, क्यूब कितीही फिरवा, पांढऱ्याच्या समोर पिवळाच, हिरव्याच्या समोर निळाच, लालच्या समोर नारंगीच. एज म्हणजे दोन रंगांचा तुकडा, असे बारा असतात, आणि प्रत्येकाचं घर एकच, त्याच्या दोन रंगांची जी दोन सेंटर आहेत त्यांच्या मधे. पांढरा-लाल तुकडा पांढऱ्या आणि लाल सेंटरच्या मधेच राहणार, दुसरीकडे तो कितीही शोभून दिसला तरी ते त्याचं घर नाही. म्हणून तुकडा हातात आला की पहिल्यांदा त्याचा दुसरा रंग वाचायचा, पांढरा आपोआप कळतो.

आणि तुमच्या वर्णनावरूनच काय झालंय ते कळतंय. पांढरं वर धरा आणि वरून बघत घड्याळाच्या दिशेने चार सेंटर वाचा: हिरवा, नारंगी, निळा, लाल. आता त्याच दिशेने प्लसच्या चार तुकड्यांचे बाजूचे रंग वाचा. तुमचे येतील हिरवा, लाल, निळा, नारंगी. म्हणजे चौघांचा क्रम उलटा लागलाय. क्रम उलटा असला की वरचा लेयर कसाही फिरवा, समोरासमोरचे दोनच जुळणार नाहीतर एकही नाही. चार कधीच नाही.

लोडशेडिंग
एवढं काय वाचत बसायचं, पाठ करून टाका: हिरवा समोर धरला की लाल उजवीकडे, नारंगी डावीकडे, निळा मागं. संपलं. मी असंच शिकलो, व्हिडिओ बघून, पांढरं खाली धरून करतो मी, मस्त होतंय.

सातरस्ता
@लोडशेडिंग अर्धं बरोबर आहे दादा. हिरवा समोर आणि लाल उजवीकडे हे पांढरं *वर* असतानाच. पांढरं खाली धरलं, हिरवा समोर ठेवला, तर उजवीकडे नारंगी येतो. हातात क्यूब असेल तर आत्ता उलटा करून बघा.

कडकभाकरी, तुम्ही कुठल्या व्हिडिओतून क्रम घेतलाय का? त्यात बहुतेक पांढरं खाली असणार.

लोडशेडिंग
उलटा केला. हो बे, नारंगीच आहे उजवीकडे. पण मग माझा क्रॉस कसा काय होतोय इतके दिवस?

सातरस्ता
कारण तुम्ही बसवताना सेंटर बघूनच बसवत असणार, पाठ केलेलं वापरतच नसणार 😄

कडकभाकरी
बरोबर ओळखलंत. पोरीच्या वहीत मैत्रिणीने लिहून दिलंय "हिरवा लाल निळा नारंगी गोल", मी तेच लावत होतो पांढरं वर धरून. मग आता हा उलटा क्रम सुधारायचा कसा, सगळं मोडून परत?

सातरस्ता
मोडायची गरज नाही. दोन तुकड्यांची अदलाबदल करायची फक्त. आधी अक्षरं सांगतो, R उजवी बाजू, L डावी, F समोरची, B मागची, U वरची, D खालची. नुसतं अक्षर म्हणजे घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, शेजारी ' असेल तर उलट दिशेने, 2 असेल तर अर्धा फेरा. आणि इथं बहुतेक लोक गडबडतात: घड्याळाची दिशा ही *त्या बाजूकडे तोंड करून* बघायची. मागची बाजू फिरवताना मनातल्या मनात मागं जाऊन बघा, खालची फिरवताना खालून.

तुमचे लाल आणि नारंगी समोरासमोर अडकलेत. लाल सेंटर समोर धरा, पांढरं वर, हिरवा-निळा जुळलेलेच ठेवा, आणि हे करा:

```
F2 D2 B2 D2 F2
```

पाठ करू नका, बघत बघत करा. पहिल्या F2 ने समोरचा तुकडा खाली उतरला, पांढरं तोंड जमिनीकडे. D2 ने तो खालून पलीकडे गेला. B2 ने तो मागच्या घरात चढला आणि तिथं जो बसला होता तो खाली आला. परत D2 ने हा दुसरा तुकडा समोर आला, आणि F2 ने वर. संपलं. दोन तुकडे एकमेकांच्या घरी गेले आणि उजव्या-डाव्याला कोणी हात लावला नाही.

शेजारशेजारचे दोन अडकले असतील तर तेच, फक्त खालून अर्ध्याऐवजी पाव फेरा. समोरचा आणि उजवा अडकलाय असं धरून:

```
F2 D R2 D' F2
```

कडकभाकरी
झालं!!! चारही जुळले. आणि खरंच बघत केलं तर कळतंय काय चाललंय ते.

निवांतकाका
मला एक सांगा, माझे कधीकधी तीन जुळतात आणि एकच राहतो. त्याचं काय?

सातरस्ता
काका, चारही तुकडे प्लसमधे असतील आणि चौघांचं पांढरं वर असेल तर तीन जुळून एक राहणं शक्यच नाही. तिघं आपापल्या घरात, मग चौथ्याला उरलेलं घर त्याचंच. तरी तसं दिसत असेल तर दोनपैकी एक. एकतर चौथा तुकडा घरातच आहे पण उलटा बसलाय, म्हणजे त्याचं पांढरं बाजूला आणि रंग वर. नाहीतर तो तिथं नाहीच, क्यूबमधे दुसरीकडे कुठंतरी आहे आणि त्याच्या घरात पांढरं नसलेला भलताच तुकडा बसलाय. वरच्या बाजूला पांढरं दिसत नसेल तर आधी त्या तुकड्याचे दोन्ही रंग वाचा, मग ठरवा.

उलटा बसलेला असेल तर ती बाजू समोर धरून `F U' R U`. F ने तुकडा उजव्या कडेला येतो, U' ने त्याचं रिकामं घर उजवीकडे सरकतं, R ने तो चढतो आणि आता पांढरं वर येतं, U ने सगळे परत आपापल्या सेंटरवर. बाकीचे तिघं जागचे हलत नाहीत.

चादरवाला
मी मधेच विचारतो, राग मानू नका. माझ्याकडचा क्यूब गड्ड्याच्या यात्रेतून घेतलेला, स्वस्तातला. त्यात मला पांढरा-निळा तुकडाच सापडत नाही. अख्खा क्यूब चाळला, बारा एज मोजले, पांढरा-लाल आहे, पांढरा-हिरवा आहे, पांढरा-नारंगी आहे, आणि चौथा पांढरा-पिवळा आहे! पांढरा-पिवळा कसा काय, ते तर समोरासमोर असतात म्हणताय. स्टिकर चुकीचे लावलेत काय कारखान्यातच?

लोडशेडिंग
यात्रेतला माल तो. पिवळ्याचं स्टिकर काढून निळं लावा 😂

सातरस्ता
थांबा, काहीही काढू नका. पांढऱ्या सेंटरच्या बरोबर समोर कुठला सेंटर आहे बघा.

चादरवाला
बघितलं. निळा आहे. आणि पिवळ्याच्या समोर हिरवा.

सातरस्ता
मग क्यूब ठीक आहे. ही वेगळी रंगमांडणी आहे, जुनी जपानी मांडणी म्हणतात तिला, त्यात पांढऱ्यासमोर निळा आणि हिरव्यासमोर पिवळा असतो, लाल-नारंगी नेहमीसारखे. समोरासमोरच्या दोन रंगांचा एज कुठल्याच क्यूबमधे नसतो, म्हणून तुमच्यात पांढरा-निळा नाही आणि पांढरा-पिवळा आहे. तुमच्या पांढऱ्याभोवतीचे चार सेंटर बघा, लाल, हिरवा, नारंगी, पिवळा, तेच तुमच्या प्लसचे रंग. वर मी जे चार रंग सांगितले ते तुम्हाला लागू नाहीत, पद्धत तीच लागू आहे. म्हणून म्हणतो क्रम पाठ करू नका, हातातल्या क्यूबचे सेंटर वाचा.

स्टिकर खरंच अदलाबदल झालेत का हे कळायची सोपी खूण म्हणजे एकाच जोडीचे दोन तुकडे सापडतात, उदाहरणार्थ दोन पांढरे-लाल. ते दिसलं तर मात्र कितीही डोकं लावा, सुटणार नाही.

चादरवाला
बरं झालं विचारलं, मी दुकान उघडल्याबरोबर गोंद आणणार होतो.

कडकभाकरी
आता पुढचा प्रश्न. जुळलेला प्लस सुधारणं कळलं. पण सुरुवातीपासून, विस्कटलेल्या क्यूबवरून, एकेक तुकडा शोधून घरी न्यायचा कसा? पोरीने आत्ताच विस्कटून दिलाय. पांढरा सेंटर वर, हिरवा समोर धरलाय. चार तुकडे असे आहेत:

पांढरा-हिरवा खालच्या लेयरला उजवीकडे, लाल सेंटरच्या खाली, पांढरं जमिनीकडे.
पांढरा-निळा खालच्या लेयरला मागं, निळ्याच सेंटरखाली, त्याचंही पांढरं जमिनीकडे.
पांढरा-लाल खालच्या लेयरला डावीकडे, नारंगी सेंटरच्या खाली, पण पांढरं डावीकडे तोंड करून आणि लाल जमिनीकडे.
पांढरा-नारंगी मधल्या लेयरला, मागच्या उजव्या कडेला, पांढरं मागं आणि नारंगी उजवीकडे.

सातरस्ता
वा, असं कोणी लिहून दिलं की सांगायला मजा येते. चार तुकड्यांत चारही प्रकारच्या अडचणी आहेत. एकेक घेऊ. सध्या कमी मूव्हची काळजी करू नका.

पहिला हिरवा. पांढरं जमिनीकडे आहे, हा सगळ्यात सोपा प्रकार. तुकड्याचा बाजूचा रंग आपल्या सेंटरखाली येईपर्यंत खालचा लेयर फिरवायचा आणि मग ती बाजू अर्धा फेरा. इथं D' ने तो उजवीकडून समोर येतो, हिरवं हिरव्याखाली, मग F2. चढला.

दुसरा नारंगी. मधल्या लेयरला आहे. पांढरं मागं आहे, म्हणजे R' केलं की तो वर चढेल आणि पांढरं वर येईल. पण चढेल उजवीकडे, लाल सेंटरवर, आणि याचं घर तर डावीकडे आहे. मग तुकड्याला घराकडे न्यायच्या ऐवजी घर तुकड्याकडे आणायचं. U2 करा, डावीकडचं घर उजवीकडे येतं, R' ने तुकडा त्यात बसतो, परत U2, सगळे जागेवर. मधल्या लेयरच्या तुकड्याला हेच लक्षात ठेवायचं, वरचा लेयर आधी फिरवायचा, बसवायचं, आणि तेवढाच परत फिरवायचा. परत फिरवायला विसरलात तर आधी बसवलेले सगळे सरकलेले दिसतील. मोडलेले नसतात, सरकलेले असतात.

तिसरा लाल. पहिल्या D' ने तो डावीकडून मागं सरकला होता, आता तो मागच्या बाजूला खाली आहे, पांढरं मागं, लाल जमिनीकडे. पांढरं बाजूला असलेला खालचा तुकडा हा सगळ्यात चिकट प्रकार, तो थेट चढवला तर उलटा चढतो. म्हणून आधी त्याला मधल्या लेयरला आणायचं. B ने तो मागच्या उजव्या कडेला येतो, पांढरं मागंच राहतं, लाल आता लाल सेंटरच्या शेजारी. मग R' ने थेट घरात.

यात B फिरवताना वरचं मागचं घर हलतं. तिथं निळा आधीच बसलेला असता तर तो निघाला असता, आणि मग R' नंतर B' करून त्याला परत आणावं लागलं असतं. आत्ता तिथं कोणी बसलेलं नाही, म्हणून चालतंय.

चौथा निळा. इथं थांबून वरची मागची जागा बघा. निळा स्वतःच्या घरात आहे, पण निळं वर आणि पांढरं मागं. काकांना सांगितलेला उलटा बसलेला प्रकार. निळी बाजू समोर धरा आणि `F U' R U`.

ज्यांना हा नमुना करून बघायचाय आणि सुटलेला क्यूब आहे, त्यांनी पांढरं वर, हिरवा समोर धरून हे फिरवा, कडकभाकरींचे चार तुकडे तुमच्याकडेही त्याच जागी येतील. बाकीचा क्यूब वेगळा असेल, त्याचा इथं संबंध नाही.

```
U' L' U B' R B' U2 R U2 F2 D
```

कडकभाकरी
केलं. आलं!! पण एक शंका. सुरुवातीला निळा स्वतःच्याच सेंटरखाली होता, पांढरं जमिनीकडे. म्हणजे नुसतं B2 केलं असतं तर तो तेव्हाच बसला असता ना? मग तो शेवटी उलटा कसा झाला?

सातरस्ता
हेच विचारायला हवं होतं तुम्ही. हो, बसला असता. हिरव्यासाठी D' केलं तेव्हा निळापण सरकला, मागून उजवीकडे. मग नारंगीसाठी R' केलं तेव्हा तो उजव्या बाजूवर असल्यामुळे त्याच्याबरोबर फिरून मधल्या लेयरला मागच्या कडेला गेला. आणि लालसाठी B केलं तेव्हा वर चढला, पण उलटा. आपण एकाकडे बघत होतो आणि दुसरा मागच्या मागं फिरत होता. मुद्दाम तसा क्रम घेतला, उलटा तुकडा दाखवायचा होता.

पूर्वभागकर
मी फारसं लिहीत नाही इथं, वाचतो फक्त. पण हा नमुना करून बघितला आणि सात मूव्हमधे होतो:

```
B2 L D' F2 U' B' U
```

सुरुवात निळ्यापासूनच केली. B2 केलं की निळा घरी जातो, आणि त्याच वेळी नारंगी तुकडा मागच्या उजव्या कडेवरून मागच्या डाव्या कडेला येतो, नारंगी सेंटरच्या शेजारी. मग L एकच फेरा, नारंगीपण घरी. म्हणजे दोन तुकडे दोन फेऱ्यांत. L ने लाल तुकडा खालून मधल्या लेयरला येतो, जो चिकट प्रकार म्हणालात तो आपोआप सुटला. मग D' F2 ने हिरवा. शेवटी लाल मागच्या डाव्या कडेला आहे, U' ने त्याचं घर मागं आणायचं, B' ने बसवायचं, U ने परत.

लोडशेडिंग
हे तुम्हाला आधीच दिसतं का करून बघून कळतं? खरं सांगा.

पूर्वभागकर
पहिले दोन दिसले. म्हणजे B2 करायच्या आधी बघितलं की मागच्या बाजूवर अजून कोण आहे, तर नारंगी आहे, तो कुठं जाईल. लालचं L नंतर कळलं. चार तुकडे एकदम डोक्यात नाही राहत माझ्या. मी पंगतीसारखं बघतो, कोण कोणाच्या डावीकडे बसायचा ते आधी, कुठल्या भिंतीकडे तोंड ते शेवटी. त्यामुळे काही वेळा सेंटरशी जुळवत नाही, चौघं आपसात नीट बसले की शेवटी एक U.

सातरस्ता
हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कडकभाकरी नीट वाचा. पहिला तुकडा कुठंही चढवा, पांढरं वर असलं म्हणजे झालं. मग बाकीचे *त्याच्या हिशोबाने* बसवा. हिरवा बसलाय, तर वरून बघताना घड्याळाच्या दिशेने पुढचं घर नारंगीचं, समोरचं निळ्याचं, मागचं लालचं, मग हिरवा सध्या कुठल्याही सेंटरवर असो. शेवटी एक फेरा देऊन चौघं एकदम जुळवायचे. दरवेळी U करून परत U' करायचा त्रास वाचतो.

बाकी चार तुकडे एकदम डोक्यात ठेवणं हे सरावाचं काम. स्पर्धेत सोडवायच्या आधी १५ सेकंद क्यूब बघायला मिळतो, त्यात बरेच जण अख्खा क्रॉस डोक्यात ठरवून घेतात.

लोडशेडिंग
सात हे कमीत कमी आहे का? सहामधे नाही होणार?

सातरस्ता
या नमुन्याचं मी शोधलेलं नाही. एकूणात सांगतो. चार तुकडे बारा जागांवर, प्रत्येकाची दोन तोंडं, म्हणजे २४ x २२ x २० x १८, झाले १,९०,०८० प्रकार. कॉम्प्युटरने सगळे तपासून झालेत, अर्धा फेराही एकच मूव्ह धरून कुठलाही क्रॉस जास्तीत जास्त ८ मूव्हमधे होतो, आणि ज्यांना पूर्ण ८ लागतात असे फक्त १०२ आहेत. सगळ्यात जास्त प्रकार ६ वाले आहेत, निम्म्याहून थोडे जास्त. म्हणजे सहामधे असायची शक्यता चांगली आहे, पण असेलच असं नाही. शोधा की.

निवांतकाका
तुम्ही लोक सहा-सात करत बसा. मला सांगा प्लस झाल्यावर कोपरे कसे? माझे कोपरे बसतात पण कडेला रंग जुळत नाहीत.

सातरस्ता
काका, कोपऱ्यालाही घर एकच, तीन रंग, तीन सेंटर. पांढरा-लाल-हिरवा कोपरा त्या तिघांच्या मधे. तो खालच्या लेयरला असेल तर त्याच्या घराच्या बरोबर खाली आणायचा, ते घर समोर उजवीकडे वर येईल असं धरायचं, आणि `R' D' R D` हे करत राहायचं. कधी एकदा, कधी तीनदा, कधी पाच वेळा, घरात बसून पांढरं वर येईपर्यंत. मधेच प्लस मोडल्यासारखा दिसतो, चारही फेरे पूर्ण केले की परत येतो, म्हणून अर्ध्यात सोडू नका.

तुमचे कोपरे बसूनही कडेचे रंग जुळत नसतील तर आधी प्लस तपासा. प्रत्येक बाजूला प्लसचा तुकडा आणि त्याच्या खालचा सेंटर एका रंगाचे हवेत. ते नसताना कोपरे बसवले की पांढरी बाजू पूर्ण दिसते पण लेयर झालेला नसतो. झालेला असेल तर चारही बाजूंना वरची अख्खी रांग आणि मधला सेंटर मिळून एकाच रंगाचा टी दिसतो.

निवांतकाका
टी एकाच बाजूला दिसतोय. म्हणजे प्लसच चुकला होता. नातवाला सांगतो.

कडकभाकरी
आज पोरगी आणि मी दोघांनी लावला, ती पुढं गेली. एक ठिकाणी अजून अडकतोय. तीन बसलेत, चौथा लाल, तो खालच्या लेयरला लाल सेंटरच्याच खाली आहे पण पांढरं बाजूला. R2 केलं तर उलटा चढतो आणि मग उलटा सुधारायचं करावं लागतं. लांब पडतंय.

सातरस्ता
लाल समोर धरा. तुकडा समोर खाली, पांढरं समोर, लाल जमिनीकडे. F2 करूच नका. F' करा, तुकडा मधल्या लेयरला उजव्या कडेला आला, पांढरं समोरच. आता U' ने लालचं रिकामं घर उजवीकडे आणा, R ने बसवा, U ने परत. म्हणजे

```
F' U' R U
```

काकांना सांगितलेल्या `F U' R U` शी ताडून बघा, फक्त पहिला फेरा उलटा. तिथं तुकडा वरून उजव्या कडेला येत होता, इथं खालून येतो. पुढचं सगळं तेच.

चादरवाला
माझा प्लस झाला!! पांढरा-पिवळासकट. पण पुढं सगळे व्हिडिओ शेवटी "पिवळी बाजू" म्हणतात, माझ्या समोरच्या बाजूला तर निळा आहे.

सातरस्ता
जिथं पिवळा म्हणतात तिथं तुम्ही निळा ऐका. बाजूच्या रंगांना मात्र तुमचे सेंटरच बघा, तिथं त्यांचं ऐकू नका.

पूर्वभागकर
सहामधे अजून नाही सापडला मला. लालचा शेवटचा U' B' U वाचवायला पाहिजे कसातरी, सुरुवातीलाच वरचा लेयर रिकामा असताना फिरवून बघतोय. कोणाला दिसलं तर टाका.